पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी

सांगलीच्या गावठाणात राहणाऱ्या एका शिक्षिकेची हकीकत या वेळी आपणांपुढे मांडतो. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हातात शाळेची दोनशे पानी वही होती. वहीच्या शेवटच्या पानांवर त्यांनी केवळ वेळा लिहून ठेवल्या होत्या: ३.४०, ४.०५, ३.१५, पुन्हा ३.४०. प्रत्येक वेळ म्हणजे ओरडत, घामाघूम होऊन जागे झाल्याची एक रात्र. "डॉक्टर, मला स्वप्नांचा त्रास आहे हे सांगायलासुद्धा लाज वाटते. पन्नाशीला आलेल्या बाईने स्वप्नाला घाबरायचे का?" हे त्यांचे पहिले वाक्य.

ही लाज आपल्याकडे फार आढळते. डोके दुखले तर आपण वैद्याकडे जातो, पण दुःस्वप्नांचे काय करायचे हे घराला ठाऊक नसते. कोणी उशाखाली विळा किंवा चाकू ठेवायला सांगते, कोणी अंगारा लावते, कोणी 'रात्री जड जेवू नकोस' एवढे बोलून कूस बदलते. या उपायांची थट्टा करावी असे मला वाटत नाही. घरातले कोणीतरी रात्री उठून आपल्या कपाळाला हात लावते, याचाही दिलासा असतो. मात्र विळ्याविषयी एक गंभीर सूचना आहे, ती पुढे येईल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी या बाईंच्या घरात शिरले. घर दुमजली, वर जाणारा जिना आतूनच, अरुंद आणि अंधारा. वीज गेलेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाणी जिन्याच्या एकेक पायरीने चढत होते आणि बाई विजेरीच्या उजेडात बुडालेल्या पायऱ्या मोजत रात्रभर वरच्या चौकटीत बसून होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. सासूबाईंना खिडकीतून चादरीच्या झोळीत उतरवले. उतरवताना क्षणभर बाईंच्या हातातले टोक निसटले, खालच्या जवानाने सावरले, आणि सगळे सुखरूप बाहेर पडले. सासूबाई आजही आहेत.

पुढचे तीन आठवडे बाईंना जवळजवळ रोज एकच स्वप्न पडे. अंधारा जिना, चढणारे पाणी, मोजणी, हातातून सुटणारे चादरीचे टोक. गणपती विसर्जनापर्यंत ते आठवड्यातून एखाद्या वेळेवर आले आणि दिवाळीपर्यंत थांबले.

वाचकहो, इथवरच्या कथेत आजार नाही. मोठ्या आघातानंतर काही आठवडे मन त्या प्रसंगाभोवती झोपेतही फिरत राहते. हे इतक्या लोकांत घडते की ते न घडणाऱ्याचीच विचारपूस करावी. आघात एवढा मोठा असण्याचीही गरज नाही. परीक्षा, नोकरी जाणे, घरातले दीर्घ आजारपण, घटस्फोटाची कोर्टातली तारीख यांच्या आगेमागे स्वप्ने गडद होतात.

ती गडद का होतात हे समजून घेतले की अर्धी भीती कमी होते, म्हणून थोडे थांबतो. आपली झोप एकसलग नसते. साधारण दीड तासाची आवर्तने रात्रभर चालतात आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक विशेष अवस्था येते. तीत बंद पापण्यांमागे बुबुळे वेगाने हलतात, मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कार्यरत असतो, आणि हातापायांचे स्नायू मात्र पूर्ण सैल पडलेले असतात. शिकागो येथील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली हिचे वर्णन प्रसिद्ध केले. हिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रेम' झोप म्हणतात. आपली कथानक असलेली, रंगीत, भावनांनी भरलेली स्वप्ने बहुतांशी याच अवस्थेत पडतात. रात्रीच्या पहिल्या आवर्तनात ही अवस्था काही मिनिटांचीच असते, पण पहाटेकडे ती लांबत जाते. बाईंच्या वहीतल्या वेळा तीन ते साडेचारच्या दरम्यान का होत्या, याचे उत्तर यात आहे. त्यात कोणत्याही अशुभ प्रहराचा संबंध नाही.

तणावात दोन गोष्टी घडतात. भावनांचा विषय मनात ताजा असतो, म्हणून स्वप्नाला कच्चा माल तोच मिळतो. आणि तणावग्रस्त शरीर झोपेतही सावध असते, म्हणून जाग वारंवार येते. स्वप्नाच्या मध्येच जाग आली तरच ते नीट आठवते, मध्ये जाग न आलेल्या रात्रीची बहुतेक स्वप्ने विरून जातात. त्यामुळे तणावाच्या काळात आपल्याला स्वप्ने 'जास्त' पडतात असे जे वाटते, त्यात एक वाटा आपण ती जास्त पकडतो याचाही असतो.

आता कथेचा दुसरा भाग. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पाणी आले. या वेळी कुटुंब दोन दिवस आधीच मिरजेला बहिणीकडे गेले होते. कोणालाही खरचटले नाही. तरीही जिना परत आला, आणि या वेळी तो गेला नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरमध्ये त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मागील चौदा रात्रींपैकी नऊ रात्री हे स्वप्न पडले होते आणि त्यातल्या दोन रात्री दोनदा.

त्याहून महत्त्वाचे ते पुढचे. स्वप्न पडू नये म्हणून बाई झोपणेच टाळू लागल्या होत्या. रात्री अकराला चहा, मग वह्या तपासणे, मग मोबाईल, आणि दीड वाजता नाइलाजाने अंथरूण. यातून दुष्टचक्र तयार होते. झोप कमी पडली की शरीर पुढच्या रात्रींत रेम झोपेची भरपाई करू पाहते, ती अधिक दाटून येते आणि तिच्यातली स्वप्नेही. म्हणजे स्वप्न टाळण्यासाठी केलेले जागरण स्वप्नालाच खतपाणी घालते. दिवसा वर्गात त्या मुलांवर ओरडू लागल्या होत्या. एकदा फळ्यावर लिहितालिहिता डुलकी लागली.

एखाद्या वाचकाने मला रस्त्यात अडवून विचारले की 'डॉक्टर, नेमके कधी यायचे?', तर मी स्वप्नाच्या भीषणतेविषयी विचारणार नाही. अत्यंत भीषण स्वप्न वर्षातून दोनदा पडत असेल तर त्याला उपचाराची गरज नाही. मी तीन प्रश्न विचारेन. आठवड्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा पडते का? हे एका महिन्याहून जास्त काळ चालले आहे का? आणि त्यामुळे झोपायची भीती, दिवसाचा थकवा, कामातल्या चुका, चिडचिड असे काही सुरू झाले आहे का? तिन्हींचे उत्तर होय असेल तर वाट पाहू नये. बाईंचे तिन्ही 'होय' ऑगस्टअखेरच पूर्ण झाले होते. मधले दोन महिने लाजेने खाल्ले.

तपासताना मी नेहमी एक कंटाळवाणा प्रश्न विचारतो: गेल्या सहा महिन्यांत कोणते औषध सुरू झाले किंवा बंद झाले? बाई म्हणाल्या, "काही नाही." मग पर्स उघडून डब्या बाहेर काढायला लावल्या. अर्धशिशीचे झटके कमी व्हावेत म्हणून त्यांना जूनमध्ये प्रोप्रॅनोलॉल सुरू झाले होते, आणि रात्रीची गोळी त्या झोपताना घेत. अर्धशिशीसाठी हे जुने आणि चांगले औषध आहे, आणि ते लिहून देणाऱ्याची यात काहीही चूक नाही. परंतु ते मेंदूत सहज शिरते आणि काही लोकांत स्वप्ने अतिशय स्पष्ट व भयावह करते. पुराच्या आठवणीने दार उघडले होते, या गोळीने ते उघडे धरून ठेवले असावे, असा माझा अंदाज होता.

इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. हे वाचून कोणीही आपली गोळी आज रात्री बंद करू नये. या गटातली औषधे एकदम थांबवली तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात आणि हृदयविकार असलेल्यांना ते घातक ठरते. बाईंच्या डॉक्टरांशी मी बोललो, त्यांनी मात्रा दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवली आणि अर्धशिशीसाठी दुसरा पर्याय दिला. नैराश्यावरची काही औषधे सुरू होताना किंवा अचानक सुटताना हेच करतात. दारूचेही तसेच आहे. ती रात्रीच्या पूर्वार्धात रेम झोप दाबते आणि उत्तरार्धात ती उफाळते. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर काही रात्री भयंकर स्वप्नांच्या जातात. घाम, थरथर, भास, झटके अशी लक्षणे सोबत असतील तर तो स्वप्नांचा प्रश्न राहत नाही, त्याला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे लागते.

गोळी उतरल्यावर बाईंची स्वप्ने चौदा रात्रींत नऊवरून पाचवर आली आणि त्यांच्या शब्दांत 'जरा पुसट' झाली. पण जिना तोच राहिला. मग आम्ही मूळ उपचाराकडे वळलो.

या उपचाराला आपण प्रतिमा-सराव म्हणू. अमेरिकेतील बॅरी क्रॅकाव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर केलेला याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून वारंवार येणाऱ्या दुःस्वप्नांसाठी तज्ज्ञ सर्वप्रथम ज्याचा विचार करतात अशा उपचारांत तो आहे. त्यामागची कल्पना अगदी घरगुती आहे. एखादे स्वप्न पुन्हापुन्हा पडते तेव्हा आघात बाजूला राहून स्वप्न हीच एक सवय बनलेली असते, पाठ झालेल्या कवितेसारखी. पाठ झालेले विसरता येत नाही, पण त्याच्या जागी दुसरे पाठ करता येते. तेही झोपेत नव्हे, दिवसा, पूर्ण जागेपणी.

पहिल्या भेटीत बाईंनी स्वप्न वर्तमानकाळात लिहिले: 'मी जिन्याच्या वर बसले आहे. अकरावी पायरी बुडते आहे.' पुष्कळ रुग्णांना मी सर्वांत भयानक स्वप्नापासून सुरुवात करू देत नाही, मधल्या तीव्रतेचे एखादे निवडायला सांगतो. बाईंना एकच स्वप्न होते, म्हणून पर्याय नव्हता. लिहिताना हात थरथरला तर थांबायचे, पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची, असे आधीच ठरवून घेतले होते. ते एकदा करावे लागले.

दुसरी पायरी म्हणजे स्वप्न बदलणे. कसे बदलायचे हे रुग्णानेच ठरवायचे असते, आणि हे मला त्या दिवशी बाईंनी पुन्हा शिकवले. मी उत्साहाने सुचवले, "बोट लवकर येते असे लिहूया का?" त्या चटकन म्हणाल्या, "बोट नको. बोटीपाशीच हात सुटतो." माझ्या दृष्टीने जी सुटका होती, ती त्यांच्या स्वप्नातला सर्वांत वाईट क्षण होता. मी गप्प बसलो. दहाएक मिनिटांनी त्यांनी लिहायला घेतले. जिन्याच्या वळणावर शाळेची घंटा टांगलेली आहे. शिपाईमामा घंटा देतात. बाई पायऱ्या उलट मोजू लागतात, जशी त्या दुसरीच्या वर्गाकडून उजळणी उलटी म्हणून घेतात. अकरा, दहा, नऊ. प्रत्येक आकड्याला एक पायरी कोरडी होते. सासूबाई खाटेवरून विचारतात, "चहा टाकलास का?" स्वप्न संपते.

पाणी उलटे कसे उतरते, जिन्यात घंटा कशी, असा प्रश्न इथे विचारायचा नसतो. नवे स्वप्न वास्तवाला धरून असण्याची गरज नाही. त्यात नाट्यमय विजय असण्याचीही गरज नाही. ते मनात पाहताना छाती हलकी होते का, एवढीच परीक्षा.

तिसरी पायरी सरावाची. रोज दहा ते वीस मिनिटे, दिवसा, शांत बसून, डोळे मिटून हे नवे स्वप्न सविस्तर पाहायचे. घंटेचा आवाज ऐकायचा, कोरड्या पायरीचा थंडपणा तळव्याला जाणवून घ्यायचा. जुने स्वप्न मुद्दाम आठवायचे नाही, ते मध्ये घुसलेच तर घंटेपासून पुन्हा सुरू करायचे. लोक चुकतात ते बहुधा इथे. सराव करायचा म्हणून रोज जुन्या स्वप्नातून जातात आणि मग नव्याकडे वळतात. त्यामुळे जुनेच पक्के होते. दुसरी चूक म्हणजे अंथरुणात, दिवा मालवल्यावर सराव करणे. बाई मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात बसत. सहकारी शिक्षिकांना वाटे की त्यांनी ध्यान सुरू केले आहे.

सोबत चहा संध्याकाळी पाचनंतर बंद केला आणि झोपायला जाण्याची वेळ साडेअकरा ठरवली. स्वप्नाने जाग आलीच तर घड्याळ पाहायचे नाही, वेळेची नोंद सकाळी अंदाजाने करायची. अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे आणि झोप आली की परतायचे.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही. उलट एक रात्र जास्त वाईट गेली, आणि असे होऊ शकते हे मी आधीच सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात त्या हसत आल्या. स्वप्न पडले होते, पाणी चढत होते, आणि अचानक त्यांना स्वप्नातच वाटले की घंटा व्हायला हवी. घंटा काही झाली नाही, पण जाग आली तेव्हा त्या ओरडल्या नव्हत्या. चार आठवड्यांनंतर चौदा रात्रींत दोन स्वप्ने. तीन महिन्यांनी महिन्यात एक. आमच्या एकूण चार भेटी झाल्या.

सर्वांना एवढ्या सरळपणे फरक पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. काहींना डोळे मिटून चित्र उभेच करता येत नाही. ज्यांना दिवसाही प्रसंगाचे लख्ख पुनरुज्जीवन होते, जे त्या जागेला, त्या माणसांना, त्या विषयाला टाळत जगतात, ज्यांना साध्या आवाजाने दचकायला होते आणि ज्यांचा जगावरचा विश्वासच उडालेला असतो, त्यांचे दुःस्वप्न हे मोठ्या आजाराचे एक टोक असते. महिन्याहून जास्त काळ ही सारी लक्षणे असतील तर त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात, आणि तेथे त्या आघातावरच मानसोपचार करावा लागतो. बाईंमध्ये याच्या काही छटा होत्या. टाकी भरून पाणी ओसंडल्याचा आवाज आला की त्यांच्या हातातली वस्तू पडे. परंतु चित्र पूर्ण नव्हते. हा भेद घरी बसून करता येत नाही. बलात्कार, अपघात, हिंसा यांच्या स्वप्नांवर वर सांगितलेला सराव एकट्याने वाचून करू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

बाईंच्या यजमानांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, "झोपेची गोळी दिली तर नाही का भागणार?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर नकाराचे आहे. नेहमीच्या झोपेच्या गोळ्या जाग येऊ देत नाहीत एवढाच त्यांचा उपयोग, दुःस्वप्नावर त्यांचा भरवसा नाही. आघातानंतरच्या विकारात तर त्या लांबवणे टाळावे असेच तज्ज्ञ सांगतात, कारण सवय लागते आणि सोडताना स्वप्ने दुप्पट होऊन परततात. प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे औषध दुःस्वप्नांसाठी वापरले जाते. सुरुवातीच्या लहान अभ्यासांत त्याने आशा दाखवली, मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांवरील मोठ्या अभ्यासात ते निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तरीही काही रुग्णांना ते उपयोगी पडते असा अनुभव आहे, म्हणून मी ते क्वचित देतो. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते, त्यामुळे अगदी कमी मात्रेपासून, झोपताना, आणि रात्री उठताना आधी काठावर बसून मग उभे राहायचे, या अटींवर.

आता विळ्याची गोष्ट. रेम झोपेत स्नायू सैल पडतात असे वर म्हटले. हे निसर्गाने घातलेले कुलूप आहे. त्यामुळेच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात स्वस्थ असतो. काहींमध्ये हे कुलूप बिघडते. बहुधा पन्नाशी उलटलेले पुरुष, स्वप्नात कोणी हल्ला करते आणि ते खरोखरच गुद्दे मारतात, लाथा झाडतात, पलंगावरून उडी घेतात. पत्नीच्या डोळ्याखालचा काळानिळा डाग घेऊन असे जोडपे येते आणि नवरा खाली मान घालून बसलेला असतो. हा स्वभावदोष नव्हे. शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन केले. यातील पुष्कळांना पुढे अनेक वर्षांनी कंपवात किंवा त्याच्या जवळचे मेंदूचे आजार होतात, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांची भेट आवश्यक ठरते. निदानासाठी एक रात्र झोपेच्या प्रयोगशाळेत काढावी लागते. तोवर पलंग बुटका करावा, टोकदार वस्तू हलवाव्यात, जोडीदाराने वेगळे झोपावे. आणि अशा माणसाच्या उशाखाली विळा किंवा चाकू हा उपाय नसून अपघाताची तयारी आहे.

लहान मुलांच्या आयांना एक वेगळे चित्र दिसते. मूल झोपल्यावर एकदोन तासांतच किंचाळत उठून बसते, डोळे उघडे, पण आईला ओळखत नाही, समजावले तर अधिकच झटापट करते, काही मिनिटांत पुन्हा झोपते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हे दुःस्वप्न नाही. ही गाढ झोपेतली अर्धवट जाग आहे. त्याला हलवून उठवू नये, पडणार नाही एवढे पाहावे. बहुतेक मुलांत वयाबरोबर ते जाते. दुःस्वप्न पडलेले मूल पहाटेकडे जागे होते, आईला बिलगते आणि काय दिसले ते सांगते. घोरणाऱ्या, स्थूल व्यक्तीला गुदमरण्याची, बुडण्याची स्वप्ने पडत असतील तर झोपेत श्वास अडकतो का हे आधी पाहावे. तेथे श्वासाचा उपचार झाला की स्वप्ने बऱ्याचदा आपोआप उतरतात.

एक प्रश्न मी प्रत्येक रुग्णाला विचारतो, तो कुटुंबीयांनीही विचारण्यास कचरू नये. "या सगळ्यात कधी जगणे नकोसे वाटले का?" वारंवारची दुःस्वप्ने आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, नैराश्य वेगळे काढले तरीही. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीला त्या रात्री एकटे ठेवू नये. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा वाटला तर फोनवर न थांबता जवळच्या रुग्णालयात न्यावे.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद नेली तर पहिली भेट सत्कारणी लागते. झोपायला गेल्याची वेळ, जाग आल्याची अंदाजे वेळ, स्वप्न एका ओळीत, हातपाय हलले का किंवा घोरणे होते का हे जोडीदाराच्या सांगण्यावरून, आणि सगळ्या औषधांच्या डब्या, आयुर्वेदिक काढ्यांसह. आधी कुटुंबाच्या डॉक्टरांना दाखवावे, ते मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे धाडतील. तेथे 'प्रतिमा-सराव करता का' असे निःसंकोच विचारावे, कारण सगळेच तो करतात असे नाही.

बाई गेल्या पावसाळ्यात सहज भेटल्या. जुलैमध्ये धरणातून विसर्गाच्या बातम्या सुरू झाल्या की जिना अजूनही एखाददुसऱ्या रात्री दिसतो, असे त्यांनी सांगितले. त्या आठवड्यात त्या मधल्या सुट्टीतला सराव पुन्हा सुरू करतात. मी विचारले, "घंटा होते का आता?" "एकदा झाली," त्या म्हणाल्या. "पण शिपाईमामांनी नाही, सासूबाईंनी दिली."